खाडीपुलाची सळई: आधी व्हॅल्यू इंजिनिअरिंग, मग आयुष्यभराचा हिशेब

प्रश्न: कोकणात खाडीवर सव्वाशे मीटरचा पूल होतोय. सल्लागार म्हणतात, लाइफ सायकल कॉस्टिंग करा आणि सगळी सळई स्टेनलेस घ्या, शंभर वर्षं बघायला नको. कंत्राटदार म्हणतो, व्हॅल्यू इंजिनिअरिंग करू, साधी सळई ठेवू आणि पाइल कॅपचं कव्हर थोडं कमी करून पैसे वाचवू. साहित्य निवडताना यातली कोणती पद्धत धरायची? दोन्हींत नेमका फरक काय?

उत्तर:

दोन्ही लागतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. व्हॅल्यू इंजिनिअरिंग पर्याय शोधून देतं, लाइफ सायकल कॉस्टिंग त्या पर्यायांचा शेवटपर्यंतचा खर्च मांडतं. पहिलं टाळून थेट दुसऱ्याकडे गेलात तर दोन चुकीच्या पर्यायांची अगदी अचूक तुलना हातात येते. पहिलं करून दुसरं टाळलंत तर ती काटछाट होते, नाव काहीही द्या. तुमच्याकडे सल्लागार पहिली चूक करताहेत आणि कंत्राटदार दुसरी.

आधी व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणजे काय ते स्पष्ट करू, कारण आपल्याकडे या शब्दाचं सगळ्यात जास्त नुकसान झालंय. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी ही पद्धत बसवली. युद्धाच्या काळात हवा तो माल मिळत नसे, म्हणून ‘ही वस्तू नाही तर कुठली’ असं न विचारता ‘ही वस्तू काय काम करते, आणि ते काम आणखी कशाने होईल’ असं विचारायची सवय त्यांनी लावली. पद्धतीचा गाभा एवढाच: प्रत्येक घटकाचं काम एक नाम आणि एक क्रियापद यांत लिहायचं, मग ते काम करणारे सगळे मार्ग कागदावर आणायचे, आणि ज्यांत काम कमी होतं ते खोडायचे. काम तेवढंच राहून खर्च कमी झाला तर मूल्य वाढलं. काम कमी झालं म्हणून खर्च कमी झाला तर त्याला मूल्य वाढणं म्हणत नाहीत.

आता हे तुमच्या पुलावर लावू. पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, सळईचं काम काय? ‘ताण घेणं’. ते काम साधी एफई ५०० डी सळई उत्तम करते, स्टेनलेस त्यात काही भर घालत नाही. मग स्टेनलेस कशासाठी? ‘गंज टाळणं’ यासाठी. हे वेगळं काम आहे आणि ते एकट्या सळईकडे नाही. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोहोचू न देणं हे कव्हरचं, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचं काम. पोहोचल्यावरही गंज न चढू देणं हे सळईचं किंवा तिच्यावरच्या लेपाचं काम. एवढं लिहिलं की पर्यायांची यादी आपोआप वाढते: सिमेंटचा प्रकार, पाणी-सिमेंट प्रमाण, कव्हरची जाडी, बाहेरून लेप, गंजरोधक मिश्रण, इपॉक्सी लेप दिलेली सळई, स्टेनलेस सळई. ‘साधी की स्टेनलेस’ या वादात यातले पाच पर्याय बघितलेच गेले नव्हते.

दुसरा प्रश्न असा की हे काम पुलाच्या कुठल्या भागात लागतं? साहित्याची निवड खरं तर इथेच ठरते. कायम पाण्याखाली असलेल्या पाइलला, म्हणजे जमिनीत रोवलेल्या पायाच्या खांबाला, क्लोराइड भरपूर मिळतं, पण प्राणवायू जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे गंज हळू चालतो. डेकवर, म्हणजे रस्त्याच्या स्लॅबवर, खारा वारा लागतो, पण मीठ हळूहळू साठतं. खरा मार बसतो तो ओहोटीच्या पातळीपासून भरतीच्या वर लाटेचे शिंतोडे पोहोचतात तिथपर्यंतच्या पट्ट्यात. भरतीला काँक्रीट खारं पाणी पितं, ओहोटीला पाणी सुकतं आणि मीठ आत राहतं. दिवसातून दोनदा हे होत असल्यामुळे पृष्ठभागाजवळची मिठाची पातळी समुद्राच्या पाण्यापेक्षाही वर जाते, आणि प्राणवायूही हाताशी असतोच.

तुमचे आराखडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून त्याच आकाराचा पूल धरून आकडे मांडतो. दर गृहीत धरलेले आहेत, तुमच्याकडचे चालू दर घालून पुन्हा काढा. एकूण सळई १८० टन. शिंतोड्यांच्या पट्ट्यातल्या पिअरचे खालचे भाग आणि पाइलना माथ्यावर जोडणाऱ्या पाइल कॅप मिळून १८ टन, आणि त्यांचा उघडा पृष्ठभाग सुमारे ४०० चौरस मीटर. म्हणजे प्रश्न पुलाच्या दहा टक्के सळईचा आहे. साधी सळई बसवून टनाला ७५ हजार, स्टेनलेस बसवून पावणेतीन लाख. सगळा पूल स्टेनलेस केला तर जादा खर्च ३ कोटी ६० लाख. फक्त पट्टा केला तर ३६ लाख. सल्लागारांनी हिशेब पूर्ण पुलाचा मांडला असेल तर उत्तर बहुधा ‘परवडत नाही’ असंच येणार, आणि मग जिथे विचार करायला हवा होता तिथेही स्टेनलेस बाद होणार. दहापट मोठं माप घेतल्यामुळे चांगला पर्याय असा मरतो.

आता आयुष्यभराचा खर्च. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा खर्च आजच्या रुपयांत आणायचा. सूत्र एकच:

```
PV = C / (1 + r)^n
```

इथे C म्हणजे आजच्या दराने दुरुस्तीचा खर्च, n म्हणजे किती वर्षांनी, आणि r म्हणजे वटावाचा दर. आयआरसी ११२ ही काँक्रीट पुलांची भारतीय संहिता पुलासाठी १०० वर्षांचं आयुष्य धरते, म्हणून कालावधी १०० वर्षांचा घेऊ.

चार पर्याय मांडू. पहिला: साधी सळई, ओपीसी म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, संहितेप्रमाणे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर कव्हर. पहिली मोठी दुरुस्ती विसाव्या वर्षी, नंतर दर १५ वर्षांनी. प्रत्येक वेळी ६० लाख. त्यात फोडणं, सळई साफ करणं आणि नवं काँक्रीट यांपेक्षा तराफा, मचाण आणि ओहोटीच्या तासांची वाट बघण्याचाच खर्च जास्त असतो. दुसरा: सळई तीच, कव्हर तेच, पण सिमेंटमध्ये साधारण निम्मा स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी, जास्त दिवस शटरिंग, जास्त क्युरिंग आणि चाचण्या. जादा खर्च ८ लाख, पहिली दुरुस्ती पंचेचाळिसाव्या वर्षी, पुढे दर १५ वर्षांनी. तिसरा: पहिल्या पर्यायाच्याच काँक्रीटमध्ये फक्त पट्ट्याची सळई स्टेनलेस, जादा ३६ लाख, गंजासाठीची दुरुस्ती शून्य. चौथा: सगळा पूल स्टेनलेस, जादा ३६० लाख.

आजच्या किमतीत आणलेला एकूण जादा खर्च, लाखांत:

| पर्याय | ३ टक्के | ५ टक्के | १० टक्के |
|---|---|---|---|
| साधी सळई, ओपीसी | ८६.३ | ४३.० | ११.७ |
| साधी सळई, स्लॅग | ४४.८ | २०.२ | ९.१ |
| पट्ट्यात स्टेनलेस | ३६ | ३६ | ३६ |
| सगळं स्टेनलेस | ३६० | ३६० | ३६० |

तक्ता आडवा वाचा. साधी सळई आणि ओपीसी हा पर्याय कुठल्याही दराला स्लॅगपुढे हरतो. म्हणजे या दोघांतला निर्णय वटावाच्या दरावर अवलंबून नाही आणि त्यावर बैठकीत वेळ घालवू नये. पट्ट्यातलं स्टेनलेस आणि स्लॅग यांचा निकाल मात्र दरावर फिरतो: साडेतीन टक्क्यांच्या आसपास दोन्ही सारखे, त्याखाली स्टेनलेस, त्यावर स्लॅग. आणि स्लॅगचा पर्याय सल्लागार आणि कंत्राटदार दोघांच्याही यादीत नव्हता. तो कामाच्या विश्लेषणातून आला. व्हॅल्यू इंजिनिअरिंग आधी करायचं कारण हेच.

वटावाच्या दरात एक चूक इतकी सर्रास होते की ती आधी तपासा. दुरुस्तीचा खर्च आजच्या दराने धरलेला असतो, म्हणजे त्यात महागाई नाही. पण तो कमी करायला बँकेच्या कर्जाचा १० टक्के दर वापरतात, ज्यात महागाई आहे. दोन वेगळ्या मापांचा हा भागाकार असल्यामुळे भविष्यातला खर्च नाहीसा होतो. महागाई ५ टक्के असेल तर १० टक्क्यांचा खरा दर १.१० भागिले १.०५ वजा १, म्हणजे ४.८ टक्के येतो. तक्त्यात बघा, ५ टक्क्यांना ओपीसीचा पर्याय ४३ लाखांचा आहे आणि १० टक्क्यांना ११.७ लाखांचा. चुकीचा दर लावला की पट्ट्यातलं स्टेनलेस साध्या सळईच्या तिप्पट महाग दिसतं, बरोबर दर लावला की तेच स्वस्त पडतं. प्रस्तावात दर दिसला की पहिला प्रश्न हा विचारा: यात महागाई आहे की नाही, आणि खर्चात आहे की नाही?

दुसरी कळीची संख्या म्हणजे पहिल्या दुरुस्तीचं वर्ष. ती माहितीपत्रकातून घेतली तर सगळा तक्ता वाळूवर उभा राहतो. ती तुमच्याच खाडीतून काढता येते. जवळच्या जुन्या पुलाच्या किंवा जेटीच्या त्याच पट्ट्यातल्या काँक्रीटमधून १०-१० मिलिमीटरच्या टप्प्यांनी ड्रिलने भुकटी काढायची आणि प्रत्येक टप्प्यातलं क्लोराइड प्रयोगशाळेत मोजायचं. पृष्ठभागापासून आत ते कसं उतरतं याचा आलेख मिळतो. साध्या सळईवर गंज सुरू व्हायला सिमेंटच्या वजनाच्या साधारण ०.४ टक्के क्लोराइड पुरतं असं धरतात. जुन्या बांधकामाचं वय आणि हा आलेख मिळाला की तुमच्या काँक्रीटमध्ये ही पातळी सळईपर्यंत केव्हा पोहोचेल याचा अंदाज येतो. एका ठिकाणाची भुकटी घेऊ नका, समुद्राकडची आणि आडोशाची बाजू दोन्ही घ्या. जुन्या काँक्रीटमधलं सिमेंट वेगळं असेल तर त्याचा अंक जसाच्या तसा उचलू नका.

इथूनच कंत्राटदाराचा प्रस्ताव तपासता येतो. क्लोराइड आत शिरण्याचा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७५ चं ५० केलं तर गुणोत्तर ५० भागिले ७५ चा वर्ग, म्हणजे ०.४४. विसाव्या वर्षाची दुरुस्ती नवव्या वर्षावर येते. वाचतं काय? ४०० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर काँक्रीट, एक-सव्वा लाख रुपये. जातं काय? ५ टक्के दराने पहिली दुरुस्तीच अकरा वर्षं आधी आल्याने १६ लाख, पुढच्या दुरुस्त्या वेगळ्या. असा प्रस्ताव ‘कव्हर कमी करा’ असा उघड येत नाही. तो ‘पाइल कॅप कायम पाण्याखाली आहे, म्हणून एक्सपोजरचा वर्ग एक पायरी खाली धरा’ असा येतो. तेव्हा उधाणाच्या ओहोटीची पातळी आणि कॅपच्या माथ्याची पातळी नकाशावर शेजारी लिहून बघा. वर्षातून काही दिवसही कॅप उघडी पडत असेल तर ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलीच आहे.

दुरुस्तीचं चक्र १५ वर्षांचं का धरलं, तेही सांगायला हवं, कारण पुष्कळ तक्त्यांत एकदा दुरुस्ती केली की तिशी-चाळिशी निभावते असं गृहीत असतं. ठिगळ लावल्यावर जुन्या आणि नव्या काँक्रीटच्या कडेला पुन्हा गंज येतो. आधी जो भाग गंजत होता तोच शेजारच्या सळईला वाचवत होता. तो भाग नवा आणि निरोगी झाला की संरक्षण गेलं, आणि शेजारी आधीपासून मुरलेलं क्लोराइड कामाला लागतं. ठिगळाभोवती वर्तुळाकार तडा दिसला की हेच झालंय असं समजा. म्हणून दुरुस्तीच्या रकमेत नुसतं सैल काँक्रीट न धरता, त्याच्या बाजूचं क्लोराइडने भिजलेलं पण वरून ठणठणीत वाटणारं काँक्रीटही धरायला हवं. हाताने हातोडी वाजवून क्षेत्रफळ मोजलं तर ते कमीच येतं. हाफ सेल पोटेन्शियलची, म्हणजे गंजाची शक्यता दाखवणाऱ्या सळईच्या विद्युत दाबाची, नोंद घेतली, आणि तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडच्या मापाने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेलेला भाग रंगवला, की खरं क्षेत्रफळ दिसतं.

स्लॅगचा पर्याय तक्त्यात चांगला दिसतो. साइटवर तो सहज फसतो, आणि फसला तर पंचेचाळीस वर्षांचं पुन्हा वीस होतं. स्लॅग सिमेंट हळू घट्ट होतं. २८ दिवसांच्या घनावर पास-नापास ठरवलं तर मिक्समध्ये विनाकारण सिमेंट वाढतं, म्हणून ५६ दिवसांची ताकद टेंडरमध्येच लिहा. क्युरिंग किमान १४ दिवसांचं धरा. खाडीत खरी अडचण ही की ताज्या काँक्रीटला भरतीचं पाणी लागतं. शटरिंग तिसऱ्या दिवशी काढून पुढच्या भागाला नेलं, तर जे काँक्रीट सगळ्यात जास्त काळ ओलं ठेवायचं तेच खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी उघडं पडतं. म्हणून पट्ट्यातल्या शटरिंगचे दोन संच लागतात. ८ लाखांतला मोठा वाटा या दुसऱ्या संचाचा आणि थांबण्याचा आहे. प्रस्तावात तो खर्च नसेल तर स्लॅगचा आकडा खोटा आहे. काँक्रीट किती घट्ट झालं हे बघायला क्लोराइड पारगम्यतेची एएसटीएम सी १२०२ चाचणी घ्या. तिच्या वर्गीकरणात १००० कूलोमच्या आत आलेला नमुना फार कमी पारगम्य मानतात. ५६ दिवसांनी ती मर्यादा ठेवली तर चांगल्या मिक्सला अवघड जात नाही.

आणि कव्हर ब्लॉक. सगळ्या हिशेबाचा पाया या मुठीएवढ्या ठोकळ्यावर आहे, कारण वर सांगितलेला वर्गाचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. ७५ च्या जागी ६० मिळालं तर काळ ०.६४ पट होतो. साइटवर हाताने मसाला भरून केलेले ठोकळे सच्छिद्र असतात आणि त्यांच्यातूनच क्लोराइड थेट सळईपर्यंत जातं. वर्षांनी पिअरवर एका ओळीत, मीटर-मीटरवर गंजाचे डाग दिसले तर ते बहुतेक ठोकळ्यांच्या जागा असतात. ठोकळे त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे, साच्यात ओतून पाण्यात ठेवलेले हवेत. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायची, कारण कव्हरमध्ये आलेलं एक टोक म्हणजे ७५ चं ४० झालं. आणि शटरिंग काढल्यावर आठवड्याच्या आत कव्हर मीटर फिरवून नोंद करायची, म्हणजे कमी सापडलेला भाग बाहेरून लेप देऊन सांभाळता येतो.

इपॉक्सी लेपाची सळई तुमच्या यादीत आली असती, पण कामाच्या विश्लेषणात ती इथे टिकत नाही. फ्लोरिडा कीजमधल्या पुलांवर शिंतोड्यांच्या पट्ट्यात ती वापरली होती आणि दहा वर्षांच्या आत गंज निघाला. लेप जिथे खरचटतो किंवा सळईवरून सुटतो तिथे त्याच्याखाली खारं पाणी शिरतं, आणि वाकवताना, बांधताना, व्हायब्रेटर लागताना तो खरचटतोच. त्यात काँक्रीटशी पकड कमी असल्याने लॅपची, म्हणजे जोडावर दोन सळया शेजारी ठेवण्याची, लांबी वाढते. जिथे मीठ वरून, अधूनमधून पडतं तिथल्या डेकमध्ये ती बरी चालते. खाडीच्या पिअरला मी ती घेणार नाही.

स्टेनलेसच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोच्या धक्क्याचा. १९३७ ते १९४१ मध्ये तो ३०४ प्रकारच्या स्टेनलेस सळईने बांधला, अनेक दशकं तो मोठ्या दुरुस्तीशिवाय चालला, आणि शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का केव्हाच कोसळून गेला. आपल्याकडे या सळईचं मानक आयएस १६६५१ आहे. खाडीसाठी ३१६ किंवा ड्युप्लेक्स प्रकार विचारा. साधी आणि स्टेनलेस सळई एकाच काँक्रीटमध्ये जोडली तर साधी जास्त गंजते ही भीती पुष्कळांना असते. निरोगी काँक्रीटमध्ये तसं होत नाही, म्हणून पट्ट्यापुरतं स्टेनलेस घेणं शक्य आहे. फक्त जोड पट्ट्याच्या आत न ठेवता एक लॅप वर आणि एक लॅप खाली न्या. ती वाढीव सळईही १८ टनांत धरा, नाहीतर मागणीच्या वेळी सळई कमी पडते. बाइंडिंग वायरही स्टेनलेसच हवी. साध्या सळईच्या बेंडिंग यंत्रावर स्टेनलेस सळई वाकवली तर लोखंडाचे कण चिकटून पृष्ठभागावर डाग येतात, तेव्हा यंत्राचे रोलर वेगळे ठेवा.

लोकांना होणारा त्रास खर्चात धरायचा का? पिअरची दुरुस्ती खालून होते, वाहतूक चालू राहते, म्हणून इथे तो जवळजवळ शून्य आहे. डेक किंवा बेअरिंग बदलताना पूल बंद करावा लागला तर मात्र हा आकडा सगळं गिळतो. दिवसाला दोन हजार वाहनं, १४ किलोमीटरचा फेरा, किलोमीटरला १२ रुपये, तीस दिवस: एक कोटी. तो विभागाच्या खात्यातून जात नाही, म्हणून तक्त्यात वेगळ्या रकान्यात दाखवा, बांधकाम खर्चात मिसळू नका.

एका ठिकाणी ही सगळी पद्धत थांबवावी लागते: प्रीस्ट्रेसिंगच्या केबल, म्हणजे काँक्रीटला आधीच दाबून धरणाऱ्या ताणलेल्या तारा. आतापर्यंतचा हिशेब असं धरून चालला की गंज दिसतो, डाग येतो, काँक्रीट फुगतं, आणि मग आपण ६० लाख खर्च करतो. केबलमध्ये तसा इशारा मिळत नाही. गोव्यात मांडवीवरचा १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तो प्रीस्ट्रेसिंगच्या केबल गंजल्यामुळे. अशा घटकाची ‘दुरुस्तीची किंमत’ लिहायला रकानाच नाही. तिथे ग्राउटिंग, डक्ट आणि टोकांची सीलिंग यांचा उत्तम दर्जा हा कामाचा भाग धरायचा आणि त्यावर स्वस्त पर्याय मांडायचाच नाही.

हे सगळं केव्हा करायचं, यावर निकाल ठरतो. टेंडर सर्वात कमी दराला जातं, त्यामुळे टेंडरनंतर आयुष्यभराचा खर्च बोलणाऱ्याला कुणी ऐकत नाही. पट्टे पाडणं, कामांची यादी आणि तक्ता डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या, टप्प्यावर, भरतीच्या पातळ्या आणि बोअरचे निकाल हातात आल्यावर करा, आणि निवडलेलं साहित्य तपशिलात बांधून टाका. राष्ट्रीय महामार्गांवरच्या हायब्रिड ॲन्युइटी कामात, जिथे सरकार काही पैसे बांधकामात आणि उरलेले नंतर हप्त्यांनी देतं, कंत्राटदाराची जबाबदारी बांधकामानंतर १५ वर्षं असते. आपल्या तक्त्यात पहिली दुरुस्ती विसाव्या वर्षी आहे. त्याच्या हिशेबात ती येतच नाही, म्हणून त्याच्याकडून स्लॅग किंवा स्टेनलेसची अपेक्षा ठेवू नका, तपशिलात लिहूनच घ्या.

कंत्राटदाराला टेंडरनंतर प्रस्ताव द्यायचा असेल तर त्याचीही रीत आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, कलम १३.२ व्हॅल्यू इंजिनिअरिंगचं आहे, आणि त्यात कंत्राटदाराचा निम्मा वाटा काढताना वाचलेल्या रकमेतून मालकाचं झालेलं नुकसान वजा होतं. दर्जा, अपेक्षित आयुष्य आणि कार्यक्षमता कमी झाली तर ते त्या नुकसानात मोजायचं असं कलमातच लिहिलंय. तुमचा करार या नमुन्याचा नसेल तर एवढी एक ओळ विशेष अटींत घाला. मग कव्हरचा प्रस्ताव आला की वाचलेल्या सव्वा लाखातून १६ लाख वजा करून तक्ता समोर ठेवायचा. त्यासोबत पहिल्याच वर्षी प्रत्येक पिअरच्या दोन जागांवर क्लोराइड आणि हाफ सेलची पायाभूत नोंद घ्या, आणि तीच जागा रंगाने खूण करून दर पाच वर्षांनी मोजा. पंचेचाळीस हा आकडा बरोबर होता की नाही हे तुमच्या नंतर येणाऱ्या अभियंत्याला दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीतच कळेल, आणि तेव्हा बाहेरून लेप देऊन काही वर्षं वाढवण्याइतका वेळ त्याच्या हातात असेल.